"बाहेर जाऊन ओढतो" म्हणजे नेमकं कुठे? घरातला विडी-सिगारेटचा धूर आणि आपली मुले



पालकभेटीत एखाद्या मुलाच्या सततच्या खोकल्याचा विषय निघाला की मी हळूच विचारते, "घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का हो?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "ओढतात बाई, पण घरात नाही. बाहेर जाऊन ओढतात." आज या 'बाहेर'बद्दलच बोलू या.

माझ्या वर्गात दुसरीत एक मुलगा होता. महिन्यातून एकदा तरी खोकला, मधूनच कान दुखायचा. घर चाळीतलं. एक खोली, तिच्यातच ओटा, आणि पुढे अरुंद गॅलरी. आजोबांच्या दिवसाला दहा-बारा विड्या, वडिलांच्या दोन-तीन सिगारेटी. दोघंही प्रामाणिकपणे गॅलरीतच ओढायचे. पण उकाड्यामुळे दार सताड उघडं. उजेड चांगला म्हणून मुलगा अभ्यासाला बसायचा तो उंबऱ्याशी. आणि रात्री झोपायचा आजोबांच्या कुशीत, त्यांच्याच गोधडीत.

आता यात धूर मुलापर्यंत कसा पोचतो ते पाहा.

ओढणारा जो धूर तोंडातून सोडतो, तेवढाच धूर असतो असं आपल्याला वाटतं. खरं तर दोन झुरक्यांच्या मध्ये विडी-सिगारेटचं टोक नुसतं धुमसत असतं. त्या वेळी आच कमी असते, तंबाखू अर्धवट जळते, आणि तो धूर कुठल्याही फिल्टरमधून न जाता थेट हवेत मिसळतो. आसपासच्या हवेत जमणारा बराचसा धूर हाच असतो. यालाच 'सेकंडहँड स्मोक' म्हणजे दुसऱ्याच्या विडीचा धूर म्हणतात. त्यातला बहुतेक भाग डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. निळसर रेघ विरली म्हणजे धूर गेला असं नाही. खोलीत ओढलं तर खिडकी उघडी असूनही तो दोन-तीन तास रेंगाळतो. पंख्याने तो बाहेर जात नाही, फक्त खोलीभर पसरतो. उदबत्ती लावली तर वास झाकला जातो आणि धुरात आणखी धुराची भर पडते.

मोठं माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतं, लहान मूल त्याहून जास्त. म्हणजे त्याच हवेत मुलाच्या वाट्याला त्याच्या वजनाच्या मानाने जास्त धूर येतो. अशा घरातल्या मुलांना दम्याचा त्रास, छातीचे आजार आणि कानाच्या आतल्या भागाचा संसर्ग जास्त होतो. कान दुखण्याचा धुराशी संबंध असतो हे ऐकून पालक नेहमी चकित होतात.

दुसरी वाट गोधडीची. धुरातलं निकोटिन आणि इतर चिकट द्रव्यं भिंतीवर, पडद्यावर, गादीवर, सदऱ्यावर, बोटांवर बसतात. याला 'थर्डहँड स्मोक' म्हणतात. मराठीत मी त्याला 'धुराची पुटं' म्हणते. ही पुटं पुन्हा हळूहळू हवेत येतात. शिवाय गॅसच्या शेगडीतूनही जो नायट्रस आम्लाचा अंश हवेत येतो, त्याच्याशी निकोटिनचा संयोग होऊन कर्करोगकारक द्रव्यं तयार होतात, हे 2010 साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने दाखवून दिलं. रांगणारं बाळ जमिनीला हात लावतं आणि तोच हात तोंडात घालतं, म्हणून त्याला ही पुटं सगळ्यात जास्त बाधतात.

मग बाहेर जाऊन ओढण्याचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण अर्धामुर्धा. कॅलिफोर्नियात 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तान्ह्या बाळांच्या घरांची तुलना केली होती. घरात ओढणाऱ्यांपेक्षा बाहेर ओढणाऱ्यांच्या घरी बाळांच्या वाट्याला येणारा धूर कितीतरी कमी होता. पण कुणीच ओढत नाही अशा घरांपेक्षा तो पाच ते सात पट जास्त होता. बाहेर जाऊनही एवढा फरक उरला, तो दारातून येणाऱ्या धुराने आणि कपड्या-हातांवरच्या पुटांनी.

आपल्या मुलाच्या घरी काय केलं ते सांगते. एकदम "आजोबा, विडी सोडा" म्हटलं असतं तर बोलणंच संपलं असतं. सूनबाई तर मामंजींसमोर बोलायलाच तयार नव्हत्या. शेवटी मुलाच्या वडिलांनी विषय काढला, तोही विडीचा नाही, नातवाच्या कानाचा. आजोबा म्हणाले, "मग मी जिना उतरून खाली जातो, त्यात काय!" आणि गेलेसुद्धा. गुडघे दुखत असल्यामुळे दहा-बाराच्या सहा-सात विड्या झाल्या, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट सदऱ्याची. ओढायला जाताना घालायचा एक जुना सदरा गॅलरीतल्या खिळ्याला अडकवला. परत आलं की तो तिथेच काढायचा, हात-तोंड साबणाने धुवायचं, चूळ भरायची, आणि जरा थांबून मगच नातवाला जवळ घ्यायचं. ओढून झाल्यावरही काही श्वासांतून धूर बाहेर येत असतो, म्हणून हे थांबणं. गोधडी वेगळी केली. जुनी गोधडी, पडदे, उशांचे अभ्रे गरम पाण्यात साबण घालून धुतले. अभ्यासाची जागा उंबऱ्यावरून आतल्या खिडकीशी नेली.

भिंतींचं मात्र आधी चुकलं. त्यांनी थेट रंग दिला, आणि काही दिवसांत पिवळट डाग वर आले. आधी साबणाच्या पाण्याने भिंत पुसून, स्वच्छ पाण्याचा हात फिरवून, वाळल्यावर रंग द्यायला हवा होता. तुमच्या घरी पुटं आहेत का हे पाहायचं असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने दाराजवळची भिंत पुसून बघा. फडकं पिवळट-तपकिरी झालं तर ती आहेत. घरच्यांच्या नाकावर विसंबू नका, त्यांना वासाची सवय झालेली असते. दोन दिवस गावी राहून परत आल्यावर दार उघडताना येणारा पहिला वास खरा. गादी मात्र धुता येत नाही. उन्हात टाकून वास कमी होतो, पुटं पूर्ण जात नाहीत. जमलं तर मुलाची गादी तरी बदलावी.

एक जागा अगदी शेवटी लक्षात आली. शेजारच्या काकू तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायच्या, आणि त्याच वेळी हा मुलगा त्यांच्याकडे खेळायला असायचा. मिश्री ओढत नाहीत, म्हणून ती कुणी धुरात धरत नाही. पण भाजतानाचा धूरही तंबाखूचाच. त्या दिवशी मुलांना खाली खेळायला पाठवायचं ठरलं.

खोकला पूर्ण थांबला असं मी म्हणणार नाही, पावसाळ्यात होतोच. कानाची तक्रार त्या वर्षी पुन्हा आली नाही. डॉक्टरांनाही घरातल्या विडीबद्दल सांगा असं मी आईला म्हटलं होतं, कारण आपण विचारल्याशिवाय ही गोष्ट कुणी बोलत नाही.

शिक्षकांना एक विनंती. "कुणाच्या घरी ओढतात, हात वर करा" असं वर्गात विचारू नका. एकदा एका मुलाने मान खाली घातलेली मी पाहिली आहे. वहीला वास येतो म्हणून त्याला बोलणंही नको. बोलायचं ते पालकांशी, एकट्याने.

वर सांगितलेलं सगळं धूर कमी करण्यासाठी आहे. तो शून्य होतो तो फक्त ओढणं सुटल्यावर. त्या घरातल्या वडिलांना तसं वाटू लागलं होतं, म्हणून त्यांना सरकारी क्विटलाइनचा मोफत क्रमांक दिला: 1800-11-2356. आजोबांनी तो कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि म्हणाले, "बघू."