चुकांच्या वहीविषयी

जाफराबाद

चि. बाळ,

राज्यसेवेच्या सराव परीक्षेत तुझे गुण पुन्हा घसरल्याची आणि ‘निष्काळजीपणा झाला’ एवढे बोलून तू उत्तरपत्रिका बाजूला सारल्याची वार्ता संभाजीनगरहून आलेल्या एका गृहस्थांनी सांगितली. ताईला मी अद्याप काही बोललो नाही. गुणांपेक्षा तुझ्या त्या एका शब्दाचीच मला धास्ती वाटते.

तापीला मिळणारी पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, हे विधान तू बरोबर ठरवलेस म्हणे. पूर्णाकाठी वाढलेल्या मुलाने! असो. आता उत्तर झाकून तोच प्रश्न पुन्हा सोडव. ‘ती तर गाविलगडची’ असे तत्क्षणी उमगले, तर तो खरोखर निष्काळजीपणा. पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत हेच ठाऊक नसेल, तर ते माहितीचे न्यून. आणि दोन्ही ठाऊक असूनही आपली पूर्णा गोदावरीलाच का जाते हे सांगता येत नसेल, तर चूक आकलनाची. ही तिसरी फसवी असते. ‘अजिंठा म्हणजे गोदावरी’ असे घोकून गेलास, तर त्याच डोंगरात उगम पावून उत्तरेस तापीकडे जाणारी वाघूर तुला उद्या पुन्हा चकवील. त्या रांगेचा जलविभाजक नकाशावर स्वतः रेखाटलास, तरच दोन्ही नद्या जागेवर बसतील.

म्हणून एक वही घाल. तीत प्रश्न, तू दिलेले उत्तर, ते देताना मनात आलेला विचार आणि चुकीची जात, एवढा तपशील त्याच दिवशी नोंदव. चार दिवसांनी कारण आठवत नाही, मग मन सोयीची सबब रचते. अंदाजाने बरोबर आलेली उत्तरेही तीतच लिही. आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने, उत्तर न पाहता, रुजुवात कर. ‘नाही’ हा शब्द वाचायचा वारंवार राहत असेल, तर तो निष्काळजीपणा नव्हे, सवय होय. त्या शब्दाखाली रेघ ओढल्यावाचून पर्यायांकडे वळू नकोस. पहिल्या पेपरात बरोबर उत्तरास 2 गुण, चुकीस अर्धा वजा; म्हणजे अशी एक चूक सुधारली की अडीच गुणांचा फरक पडतो.

पुन्हा त्याच शब्दावर येतो. ‘निष्काळजीपणा’ म्हटले की अभ्यासाला बोल लागत नाही, म्हणून सारे त्याच सदरात ढकलण्याचा मोह होतो. आमच्या काळी निकाल कचेरीच्या भिंतीवर लागे. नाव नसले की नशिबाला बोल लावून घरी यायचे. कुठे चुकले हे विचारायला शिकवणारे कुणी भेटले असते, तर तहसिलीच्या दप्तरात माझी उमेद सरली नसती, असे अजूनही वाटते.

फार बोललो. तू आळशी नाहीस, हे मी जाणतो. रात्री जेवत नाहीस, असेही ते गृहस्थ म्हणाले, ते मात्र ऐकवले नाही. शनिवारच्या गाडीने ये. वही आणलीस तर दोघे मिळून पाहू, नाही आणलीस तरी ये.

तुझा,
मामा