निष्कर्ष कुठवर टिकतो? : संवेदनशीलता विश्लेषणाच्या परिच्छेदाचे लेखन

एखाद्या धोरणाचा परिणाम संख्याशास्त्रीय प्रतिमानाच्या साहाय्याने मोजला की संशोधकाला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. प्रतिमानाची मांडणी थोडी बदलली, त्यात अन्य नियंत्रक चल घातले, तरी निष्कर्ष तोच राहतो काय? याचे उत्तर ज्या परिच्छेदात दिले जाते, त्याला संवेदनशीलता विश्लेषणाचा परिच्छेद म्हणतात. ‘विविध प्रतिमाने तपासली असता निष्कर्ष कायम राहिला’ असे एक वाक्य लिहून अनेक परीक्षार्थी हा भाग संपवतात. या वाक्यावरून वाचकाला काहीच पडताळता येत नाही. परिच्छेद कसा लिहावा, हे भारतीय आकडेवारीवर आधारलेल्या एका गाजलेल्या अभ्यासावरून समजून घेता येते.

बेस्ली आणि बर्जेस यांचा अभ्यास

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्यामुळे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अनेक राज्यांनी स्वतंत्रपणे दुरुस्त्या केल्या. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी या दुरुस्त्यांचे वर्गीकरण केले. कामगारांना अनुकूल दुरुस्तीला अधिक एक, मालकांना अनुकूल दुरुस्तीला उणे एक आणि तटस्थ दुरुस्तीला शून्य असे गुण देऊन, त्यांची कालक्रमाने बेरीज करून त्यांनी प्रत्येक राज्याचा नियमन निर्देशांक तयार केला. १९५८ ते १९९२ या काळातील १६ राज्यांच्या आकडेवारीवर आधारलेला हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगारांना अनुकूल दुरुस्त्या झालेल्या राज्यांत नोंदणीकृत कारखानदारीचे उत्पादन मागे पडले, हा त्याचा मुख्य निष्कर्ष होता.

दरडोई नोंदणीकृत उत्पादनाच्या लॉग मूल्यावर नियमन निर्देशांकाचा परिणाम दाखवणाऱ्या कोष्टकात चार स्तंभ आहेत. प्रत्येक स्तंभ एका वेगळ्या शंकेला उत्तर देतो. पहिल्या स्तंभात राज्याराज्यांतील कायमचे फरक आणि सर्व राज्यांवर सारखेच परिणाम करणारे वर्षावर्षांतील फरक एवढेच वगळले आहेत. तेथे सहगुणक −०.१८६ असून प्रमाण त्रुटी ०.०६४ आहे. याचा अर्थ असा की, निर्देशांक एका अंकाने वाढल्यास उत्पादन सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळते.

दुसऱ्या स्तंभामागची शंका अशी की, फरक कायद्यामुळे नसून राज्याच्या आर्थिक कुवतीमुळे पडला असेल. म्हणून विकासखर्च, विजेची स्थापित क्षमता व लोकसंख्या हे चल घातले आहेत. सहगुणक −०.१८५ (प्रमाण त्रुटी ०.०५१) म्हणजे जवळजवळ तेवढाच राहतो. तिसऱ्या स्तंभात राजकारणाची शंका तपासली आहे. ज्या पक्षाचे सरकार कामगारांना अनुकूल कायदे करते, त्याच सरकारच्या अन्य धोरणांचाही उद्योगांवर परिणाम होऊ शकतो. राज्य विधानसभेत कोणत्या पक्षगटाचे बहुमत किती वर्षे होते, हे विचारात घेतल्यावर सहगुणक −०.१०४ (प्रमाण त्रुटी ०.०३९) होतो.

चौथ्या स्तंभातील शंका अधिक खोल आहे. काही राज्यांची कारखानदारी कायदा बदलण्यापूर्वीपासूनच उतरणीला लागली असेल, तर त्या घसरणीचा दोष चुकीने कायद्यावर येईल. यासाठी प्रत्येक राज्याला स्वतःची रेषीय काल-प्रवृत्ती दिली जाते. असे करताच सहगुणक ०.०००२ (प्रमाण त्रुटी ०.०२०) होतो, म्हणजे परिणाम जणू नाहीसाच होतो. जोशुआ अँग्रिस्ट आणि योर्न-स्टेफन पिश्के यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात याच कोष्टकाचा दाखला दिला आहे.

सार्थकता जाणे आणि अंदाज हलणे

येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. सांख्यिकीय सार्थकता दोन प्रकारे नष्ट होऊ शकते. सहगुणक जागच्या जागी राहून प्रमाण त्रुटी वाढली, तर त्याचा अर्थ एवढाच की नव्या प्रतिमानात माहिती अपुरी पडते. मूळ निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही. परंतु चौथ्या स्तंभात प्रमाण त्रुटी वाढलेली नाही, उलट ती कमी झाली आहे. तेथील ९५ टक्के विश्वास अंतराल साधारणतः −०.०३९ ते ०.०३९ असा येतो. तिसऱ्या स्तंभातील −०.१०४ हा अंदाज या अंतरालाच्या बाहेर पडतो. म्हणजे येथे अंदाजच हलला आहे. परिच्छेदात केवळ ‘सार्थक’ किंवा ‘असार्थक’ असे न लिहिता सहगुणक व प्रमाण त्रुटी दोन्ही द्यावी लागतात, ती यासाठीच.

याच्या उलट बाजूचाही विचार करावा लागतो. कायद्याचा परिणाम एकदम न होता वर्षानुवर्षे साचत गेला असेल, तर राज्याची काल-प्रवृत्ती त्या खऱ्या परिणामाचाही काही भाग स्वतःत सामावून घेईल. विकासखर्चाविषयीही अशीच शंका संभवते. कारखानदारी घटल्यामुळे महसूल घटला व त्यामुळे खर्च कमी झाला, तर विकासखर्च हे कारण नसून परिणामाचाच एक टप्पा ठरतो. म्हणून अधिक चल घातलेला स्तंभ अधिक खरा असतोच असे नाही. परिणाम शून्य आहे, असे चौथा स्तंभ सिद्ध करत नाही; या आकडेवारीतून कायद्याचा परिणाम आणि पूर्वापार उतरण वेगळी काढता येत नाही, एवढेच तो दाखवतो.

परिच्छेदाचा नमुना

वरील निकालांवरून परिच्छेद पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

‘मूळ प्रतिमानात नियमन निर्देशांकाचा सहगुणक −०.१८६ (प्रमाण त्रुटी ०.०६४) आहे. राज्याच्या आर्थिक कुवतीतील फरक विचारात घेण्यासाठी विकासखर्च, वीजक्षमता व लोकसंख्या यांचा समावेश केला असता तो −०.१८५ (०.०५१) राहतो. पक्षगटांच्या बहुमताचा कालावधी समाविष्ट केल्यावर तो −०.१०४ (०.०३९) होतो, परिणामाचा आकार सुमारे ४४ टक्क्यांनी घटतो, तथापि दिशा व सार्थकता कायम राहते. राज्यागणिक रेषीय काल-प्रवृत्ती घातल्यास मात्र सहगुणक ०.०००२ (०.०२०) होतो. हा बदल प्रमाण त्रुटी वाढल्यामुळे झालेला नाही. यावरून निष्कर्ष आर्थिक व राजकीय नियंत्रक चलांच्या निवडीवर अवलंबून नाही, परंतु राज्यांच्या उत्पादनाची वाटचाल अन्यथा समांतर राहिली असती या गृहीतकावर तो अवलंबून आहे.’

या परिच्छेदात क्रम ठरलेला आहे. प्रथम मूळ अंदाज, नंतर प्रत्येक बदल कोणत्या शंकेसाठी केला ते, मग आकारात पडलेला फरक आणि शेवटी निष्कर्षाची सीमा. प्रतिकूल स्तंभ त्यात दडवलेला नाही. बेस्ली व बर्जेस यांनीही तो आपल्या कोष्टकात छापला होता. नवे चल घालताना काही राज्यांची वा वर्षांची माहिती उपलब्ध नसल्यास निरीक्षणे गळतात. अशा वेळी उरलेल्या निरीक्षणांवर मूळ प्रतिमान पुन्हा चालवावे. अन्यथा सहगुणकातील बदल नव्या चलामुळे झाला की नमुना बदलल्यामुळे, हे कळत नाही.

नियंत्रक चल बदलल्याने सर्वच शंका तपासल्या जात नाहीत. अर्थतज्ज्ञ आदित्य भट्टाचार्जी यांनी २००६ मध्ये दुरुस्त्यांच्या वर्गीकरणावरच आक्षेप घेतले. निर्देशांकाचे गुणांकन वादग्रस्त असेल, तर चारही स्तंभ त्याच गुणांकनावर उभे असल्यामुळे त्यांच्या परस्पर तुलनेतून तो दोष उघड होणार नाही. त्यासाठी वादग्रस्त दुरुस्त्यांचे गुण बदलून निर्देशांक नव्याने तयार करावा लागतो आणि त्याचा निकाल परिच्छेदात स्वतंत्र वाक्यात द्यावा लागतो.