जपानी जोडीदाराच्या आई-वडिलांना पहिला निरोप



जपानी शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींपैकी काही जण नोकरीसाठी जपानला जातात आणि तिथेच त्यांचं जुळतं. मग एक दिवस जोडीदार म्हणतो, "आईला तुझ्याबद्दल सांगितलंय. तू एकदा तिला दोन ओळी लिही." इथे पुस्तकातलं 'मी अमुक आहे, तुम्हाला भेटून आनंद झाला' एवढं पुरत नाही. आजच्या पाठात आपण हाच पहिला निरोप लिहायला शिकूया.

समजा, सायली जोशी ही पुण्याची मुलगी नागोयाच्या एका कंपनीत काम करते. तिच्या जोडीदाराचं नाव केन्ता, आडनाव तानाका. केन्ताने घरी आधी सांगून ठेवलं आहे. ही पायरी गाळायची नाही बरं का! घरच्यांना काहीच माहीत नसताना निरोप गेला, तर तो कितीही नम्र असला तरी आगाऊपणाच वाटतो.

सायलीचा निरोप

वाचायला सोपं जावं म्हणून इथे देवनागरीत दिला आहे. पाठवताना अर्थातच जपानी लिपीत टाईप करायचा. शब्दाच्या शेवटच्या 'मासु'मधला उ बोलताना जवळजवळ ऐकू येत नाही.

१. केन्ता-सान नो ओतोउसामा, ओकाआसामा
केन्ताचे वडील आणि आई यांस,

२. हाजिमेते गोरेनराकु इताशिमासु.
आपल्याशी प्रथमच संपर्क साधत आहे.

३. केन्ता-सान तो ओत्सुकिआइ सासेते इतादाइते ओरिमासु, सायली जोशी तो मोउशिमासु.
केन्ताशी माझा स्नेह आहे. माझं नाव सायली जोशी.

४. इन्दो नो पुने शुश्शिन दे, गेन्झाइ वा नागोया नो काइशा दे हाताराइते ओरिमासु.
मी भारतातल्या पुण्याची, सध्या नागोयातील कंपनीत काम करते.

५. केन्ता-सान नी वा इत्सुमो सासाएते इतादाइते ओरिमासु.
केन्ताचा मला नेहमीच आधार मिळतो.

६. निहोंगो वा मादा बेन्क्योउचू दे, शित्सुरेइ ना ह्योउगेन गा गोझाइमाशितारा, ओयुरुशि कुदासाइ.
जपानी अजून शिकते आहे. काही वावगं लिहिलं गेलं असेल तर क्षमा असावी.

७. ओमे नी काकारेरु हि ओ तानोशिमी नी शिते ओरिमासु. दोउझो योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु.
आपल्या भेटीच्या दिवसाची वाट पाहते. लोभ असावा.

एवढंच. आता यातली नम्रता नेमकी कुठे आहे ते पाहू.

नम्रता क्रियापदात असते

मराठीत आपण समोरच्याला 'आपण' म्हणून वर चढवतो. जपानीत त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट करावी लागते: स्वतःच्या क्रियापदाला एक पायरी खाली उतरवायचं. सायलीने स्वतःबद्दल लिहिताना 'इमासु' (आहे) ऐवजी 'ओरिमासु', 'शिमासु' (करते) ऐवजी 'इताशिमासु' आणि 'इइमासु' (म्हणते) ऐवजी 'मोउशिमासु' वापरलं आहे. अर्थ तोच, पण बोलणारी खाली बसून बोलते आहे. 'भेटणे' या साध्या 'आउ'च्या जागी आलेलं 'ओमे नी काकारु' हेही तसंच. या प्रकाराला 'केनजोउगो' म्हणतात. मात्र ही रूपं आई-वडिलांच्या कृतीला कधीही लावायची नाहीत, नाहीतर आपण त्यांनाच खाली बसवतो. त्यांच्यासाठी आदराची रूपं वेगळी आहेत; पहिल्या निरोपात त्यांच्या कृतींबद्दल लिहायचंच टाळलं, तर घोटाळाही टळतो.

निरोपाचा कणा तिसरी ओळ आहे. 'त्सुकिआत्ते इमासु' हे व्याकरणाने बरोबर आहे, पण ते 'आमचं जमलंय' असं सांगितल्यासारखं वाटतं. 'ओत्सुकिआइ सासेते इतादाइते ओरिमासु' याचा शब्दशः भाव असा की, 'हा स्नेह ठेवू दिला जातो आहे, हा माझा लाभ.' म्हणजे आपल्या परवानगीनेच जणू. न मागितलेली परवानगी मिळाल्याचा मान ती आई-वडिलांना देते आणि म्हणूनच हे वाक्य तिथे रूढ आहे. पण 'सासेते इतादाकु' आवडलं म्हणून प्रत्येक ओळीत घालू नका. एका निरोपात एकदा शोभतं, तिसऱ्यांदा आलं की लाचार वाटतं.

कोणाला काय म्हणायचं?

घरात सगळेच तानाका! तेव्हा 'तानाका-सान' म्हटलं तर वडील, आई की मुलगा, हे कळणार नाही. म्हणून इथे नावाला 'सान' लावून 'केन्ता-सान'. एरवी तुम्ही त्याला नुसतं केन्ता किंवा केन्ता-कुन म्हणत असाल, तरी त्याच्या घरच्यांपुढे 'सान'च. 'कारेशि' (बॉयफ्रेंड) हा शब्द मैत्रिणींसाठी ठेवा.

स्वतःच्या नावाला 'सान' लावायचं नाही. आपल्याकडे फोनवर 'मी जोशी सर बोलतोय' सहज चालतं, म्हणून ही चूक आपल्या हातून पटकन होते.

आता सर्वांत मोठा सापळा. मराठी माणूस 'आपण'साठी शब्द शोधतो आणि शब्दकोशात त्याला 'आनाता' सापडतो. तो आई-वडिलांना लिहायचा नाही. वडीलधाऱ्यांना तो उद्धट वाटतो. जपानीत सर्वनाम गाळतात, नाहीतर 'ओतोउसामा', 'ओकाआसामा' अशी नात्याची संज्ञा वापरतात. सुरुवातीला 'केन्ता-सान नो' जोडल्याने 'केन्ताचे वडील' असा अर्थ राहतो, त्यामुळे लग्नाआधी सून होऊन बसल्यासारखं वाटत नाही.

टाईप करताना आणखी एक काळजी घ्या. 'ओतोउसान' लिहिताना कीबोर्ड दोन पर्याय सुचवू शकतो: साधे 'वडील', आणि मध्ये एक जादा कांजी असलेले 'सासरे'. उच्चार एकच. चुकून दुसरा निवडला, तर पहिल्याच निरोपात लग्न ठरल्यासारखं होईल!

काय लिहायचं नाही

'ओगेन्कि देसु का' (कसे आहात?) हे ओळखीच्या माणसाला बऱ्याच दिवसांनी विचारतात, कधीच न भेटलेल्यांना ते विचित्र वाटतं. प्रेमाच्या कबुल्या, पगार, लग्नाचे बेत हे विषय प्रत्यक्ष भेटीसाठी ठेवा. कागदी पत्र असेल तर सुरुवातीला 'हाइकेइ' आणि शेवटी 'केइगु' असे मायने येतात, आपल्या 'सा. न. वि. वि.' आणि 'कळावे' यांच्यासारखे. मोबाईलवरच्या निरोपात त्यांची गरज नाही.

उत्तर कसं वाचायचं?

आईचं उत्तर 'गोतेइनेइ नी आरिगातोउ गोझाइमासु' (इतक्या अगत्याने लिहिल्याबद्दल आभार) असं आलं, तर ते कोरडं समजून घाबरू नका. ही नेहमीची सभ्य पोच आहे. 'कोचिराकोसो' (उलट आमच्याकडूनच) आलं, तर गाडी रुळावर आहे. आणि 'सोन्नानी काताकु नारानाइदे' (इतकं अवघडू नकोस) असं आलं, तर पुढच्या निरोपात एक पायरी सैल व्हा: 'ओरिमासु'चं 'इमासु' करा, पण 'देसु-मासु' सोडू नका. तुमच्या आणि केन्ताच्या गप्पांतली भाषा तिथे लगेच चालणार नाही.

सहाव्या ओळीबद्दल शेवटचं. पूर्ण निरोप जोडीदाराकडून लिहून घेतला, की ती ओळच खोटी ठरते, आणि भेटीत तुमची खरी जपानी ऐकून ते उघड होतं. स्वतः लिहा, त्याच्याकडून फक्त तपासून घ्या. जमत नसेल तिथे साधं 'देसु-मासु' वापरा. बरोबर वापरलेलं साधं रूप चुकीच्या जागी बसवलेल्या भारी रूपापेक्षा केव्हाही बरं.

स्वाध्याय

१. स्वतःचं नाव, गाव आणि काम घालून ओळी ३ आणि ४ पुन्हा लिहा.
२. पुढील वाक्यातल्या दोन चुका शोधा: 'वाताशि वा सायली-सान देसु. आनाता नि आइताइ देसु.'
३. दुसरं वाक्य 'ओमे नी काकारु' वापरून सुधारा.