लेक्चरच्या व्हिडिओमधून स्लाइडचे फोटो आपोआप कसे काढायचे?

खरवईच्या बॅचमधून एक मागणी नेहमी येते: "सर, अर्धा तासाचा व्हिडिओ परत कोण बघणार? स्लाइडचे फोटो द्या ना." हातानं स्क्रीनशॉट काढायची गरज नाही. ffmpeg नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं.

ते आधीची आणि नंतरची फ्रेम ताडून पाहतं आणि फरकाला 0 ते 1 मध्ये आकडा देतं. तुम्ही ठरवलेल्या मर्यादेपेक्षा आकडा मोठा आला, की फोटो काढतं. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी ही मर्यादा 0.3 किंवा 0.4 सांगतात, पण ती सिनेमासाठी आहे. आपली स्लाइड पांढरी, त्यावर काळी अक्षरं. अक्षरांनी समजा ८ टक्के जागा व्यापली असेल, तर अख्खी स्लाइड बदलली तरी आकडा फार तर 0.15 च्या आसपास जातो. म्हणजे 0.4 ठेवलंत तर एकही बदल पकडला जाणार नाही.

खरी गोची पुढे आहे. समजा किंमत ठरवायची स्लाइड आहे. आधी "मालाचा खर्च" येतो, मग "भाडं आणि लाइट बिल", मग "नफा". फोटो निघतो तो बदल झाल्या झाल्या, म्हणजे फक्त पहिल्या ओळीचा. कुणी तीच प्रिंट समोर ठेवून लोणच्याची किंमत काढली, तर भाडं खिशातून जाईल.

यावर सोपा उपाय म्हणजे व्हिडिओ उलटा तपासायचा. उलट्या क्रमात प्रत्येक स्लाइड आधी पूर्ण भरलेली दिसते. मग एकेक ओळ गळते, पण एका ओळीचा फरक जेमतेम 0.01 असतो, त्यामुळे तो सुटून जातो.

```
ffmpeg -i class.mp4 -vf "fps=1/2,crop=iw*3/4:ih:0:0,reverse,select='eq(n,0)+gt(scene,0.04)'" -fps_mode vfr slide_%03d.png
```

fps=1/2 म्हणजे दर दोन सेकंदाला एक फ्रेम. त्यामुळे हळूहळू विरघळत बदलणारी स्लाइडही सुटत नाही. crop उजवीकडची पाव पट्टी कापतो. शिकवणाऱ्याचा चेहरा तिथे असेल तरच तो ठेवा, नाहीतर मान हलली तरी फोटो निघत बसतील. eq(n,0) नसेल तर उलट्या क्रमातली पहिली, म्हणजे लेक्चरची शेवटची स्लाइड, मिळत नाही. क्रमांकही उलटे येतात: slide_001 ही शेवटची स्लाइड.

reverse सगळ्या फ्रेम मेमरीत धरतो. अर्ध्या तासाच्या १२८०×७२० व्हिडिओला सव्वा जीबीच्या आसपास रॅम लागते. जुन्या लॅपटॉपवर मोठं लेक्चर तुकडे करून चालवा.

आयआयटीच्या एनपीटीईएलवरच्या लेक्चरसारखं कॅमेरा मध्येच सरांवर जात असेल, तर सरांचे फोटोही येतील आणि तीच स्लाइड दोनदा निघेल. ते हातानंच उडवायचे. दोन स्लाइडची अक्षरं एकमेकांवर चढलेला फोटो दिसला, तर तो बदल चालू असताना निघालाय; fps=1/3 करून परत चालवा. शेवटी फोटो मोजा. पीपीटीत २२ स्लाइड आणि फोटो १७ असतील, तर मर्यादा 0.03 करा. ४० निघाले, तर थोडी वाढवा.