हात धरणारा गिऱ्हाईक नसतो

पोरी, उद्यापासून केजच्या लॉजवर कामाला लागतेस, तर हे ध्यानात ठेव. खोलीत चहा-पाणी द्यायला गेलीस की दार सताड उघडं ठेवायचं. ट्रे दाराजवळच्या टेबलावर ठेवायचा आणि माघारी फिरायचं.

समज, रात्री नऊला तीन नंबरच्या खोलीतल्या माणसानं चहा घेताना हात धरला, ‘बस जरा’ म्हणाला. हात सोडव, मोठ्यानं ओरड आणि थेट काउंटरवर ये. भीती वाटली तर 112 लाव. त्या खोलीत आता दुसरा माणूस पाठवा, असं मालकाला तिथंच सांग.

मग झोपायच्या आधी सगळं वहीत लिहून ठेव. तारीख, वेळ, खोली, त्यानं काय केलं, कोणते शब्द वापरले, कोणी पाहिलं. ‘गैरवर्तन केलं’ एवढ्यानं भागत नाही, ‘उजवा हात धरला’ असंच लिही. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते काढून ठेवायला त्याच रात्री सांग. त्या माणसाचं नाव-पत्ता लॉजच्या रजिस्टरमध्ये असतोच.

मालक म्हणेल, ‘तो काय आपला नोकर आहे? आपण काय करणार?’ हे ऐकून घेऊ नकोस. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही तुला जपणं हे मालकाचं काम आहे. तुला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणंही त्याच्यावर बंधनकारक आहे.

तक्रार कुठं करायची, ते माणसं मोजून ठरतं. रोजंदारीवाले धरून दहा किंवा जास्त असतील, तर हॉटेलात अंतर्गत समिती हवीच. कमी असतील, किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. त्यासाठी बीडला हेलपाटा नको. कायद्यात तालुक्याला नोडल अधिकारी नेमायची तरतूद आहे, तो अर्ज घेऊन सात दिवसांत समितीकडे धाडतो. तो कोण, हे तहसील कचेरीत विचार. अर्ज तीन महिन्यांच्या आत लेखी दे आणि आपल्या प्रतीवर पोच घे. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हेही समितीचंच काम.

पण एक समजून घे. गिऱ्हाइकाचा पगार समितीला कापता येत नाही, त्याला नोकरीवरून काढता येत नाही. त्याला शिक्षा व्हायची तर पोलिसांतच जावं लागतं. तिथं तुझा जबाब महिला अधिकाऱ्यानं नोंदवायचा असतो आणि गुन्ह्याच्या नोंदीची प्रत तुला फुकट मिळते.

कोणी हातावर नोट ठेवून ‘मिटवून टाक’ म्हणालं, तर घेऊ नकोस. समितीपुढं समेट झाला तरी तो पैशावर करता येत नाही, असं कायदाच सांगतो.