बिनपगारी वर्ष अर्जात कसं मांडायचं

बी.कॉम. झाल्यावर वर्षभर मी पुणतांब्यात घरच्या दूध संकलन केंद्रावर होतो. पगार नव्हता, लागतील तसे पैसे वडील द्यायचे. पुढे अकाउंट्सच्या नोकरीसाठी अर्ज करताना या वर्षाचं काय लिहायचं, ते मुलाखती देत देत उमगलं.

१. ‘व्यवस्थापक’ वगैरे पद लावू नये. ‘कौटुंबिक दूध संकलन केंद्र, बिनपगारी’ असं लिहून खाली काम मांडावं: रोजची फॅट-एसएनएफची नोंद, दहा दिवसांचं पेमेंट, पशुखाद्याच्या उधारीची कपात. वर्ष कोरं ठेवलं तर समोरचा ते रिकामं गेलं असंच धरतो.

२. एकच प्रसंग निवडावा आणि तो हिशेबासकट सांगावा. मी फॅटच्या फरकाचा सांगतो. आम्ही शेतकऱ्यांना आमच्या मशीनवरच्या फॅटप्रमाणे पैसे द्यायचो, डेअरी आम्हाला तिच्या मशीनप्रमाणे. डेअरीची फॅट रोज थोडी कमी लागत होती आणि तो फरक आमच्या खिशातून जात होता. आधी सरासरी तपासली. १० लिटर ४.० फॅटचं आणि ३० लिटर ३.६ चं असेल तर सरासरी ३.८ नाही, ३.७ येते, कारण कमी फॅटचं दूध जास्त आहे. तशी लिटरप्रमाणे सरासरी काढूनही फरक उरला. मग नमुना कसा घेतला जातो ते पाहिलं. दूध थोडा वेळ थांबलं की साय वर येते. न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट जास्त दिसते. प्रत्येक कॅन ढवळूनच नमुना घ्यायचा असं ठरवल्यावर आकडे जवळ आले. हे ऐकल्यावर पगार किती होता हे कोणी आधी विचारत नाही, मशीन कधी धुवायचात ते विचारतात.

३. गावाचं नाव ऐकून १ जून २०१७ च्या शेतकरी संपाचा विषय निघतोच. त्यावर एक-दोन वाक्यं बोलावीत आणि कामावर परत यावं. वेळ आपल्या मुलाखतीची असते.

४. वडिलांच्या सहीचं अनुभवपत्र आणि घरी छापलेल्या पगारपावत्या अजिबात जोडू नयेत. पडताळणीत बँकेत पगार जमा झाल्याची नोंद मागतात, पीएफचं खातं पाहतात. दोन्ही नसलं की खरं कामही खोटं ठरतं. त्याऐवजी डेअरीची दहा दिवसांची बिलं आणि स्वतःच्या हातची नोंदवही दाखवावी. ओळखीसाठी नातेवाईक नको. केंद्राचे हिशेब पाहिलेला डेअरीचा माणूस चालतो, पण त्याला आधी विचारून घ्यावं.

५. शेवटचा पगार विचारला तर ‘शून्य’ म्हणावं. घरून मिळालेल्या पैशांची बेरीज करून महिन्याचा आकडा बनवू नये. अपेक्षा मात्र शून्यापासून मोजायची नाही. त्या शहरात नव्या अकाउंट असिस्टंटला जे देतात, ते आधी दोघा-तिघांना विचारून ठेवावं आणि तेच मागावं.