तुरी कोणाच्या हातावर?

प्रश्न : ‘हातावर तुरी देणे’ याचे वाक्य मुलीने ‘आजीने माझ्या हातावर तुरी दिल्या’ असे केले. व्याकरण बरोबर असून चूक का? – एक पालक, सातारा

उत्तर : ताई, वाक्य शुद्ध आहे, पण त्यात तुरी खरोखरच्या आहेत. वाक्प्रचाराचा अर्थ डोळ्यांदेखत फसवून निसटणे. ‘कडक पहारा असूनही कैदी शिपायांच्या हातावर तुरी देऊन पळाला.’ हात फसणाऱ्याचा, हे मुलं हमखास उलटं करतात. वाक्प्रचाराच्या जागी अर्थ ठेवून वाचायला सांगा. वाक्य जुळलं तर बरोबर. उत्तरात मात्र वाक्प्रचारच हवा. त्याचं क्रियापद वाक्याप्रमाणे बदलतं: देऊन, दिल्या, देईल. ‘नाचता येईना अंगण वाकडे’सारखी म्हण मात्र जशीच्या तशी ठेवावी.